बारा टक्क्यांची रेघ

ऑक्टोबर संपता संपता लातूरच्या अडत बाजारात पाय ठेवायला जागा नसते. टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर एकामागे एक लागतात, हमाल पोती उतरवतात आणि प्रत्येक अडतीपुढे पिवळ्या सोयाबीनचे ढीग पडतात. 2024 च्या दिवाळीआधी औशाकडचा एक शेतकरी असाच 12 क्विंटल सोयाबीन घेऊन आला. हा माणूस नेमका कुणी एक नाही. त्या हंगामात त्याच वाटेने आलेल्या अनेकांचा तो प्रतिनिधी आहे, आणि त्याच्या गोष्टीतले बाजारभाव हे त्या दिवसांतल्या भावांच्या आसपासचे, हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत.

निघण्याआधी पुतण्याने मोबाइलवर भाव दाखवला होता : कमाल 4,400. त्या आकड्यावर त्याने मनातल्या मनात दुकानदाराची उधारी, हरभऱ्याचं बियाणं आणि दिवाळीचा बाजार बसवला. सौदा त्याच्या ढिगाजवळ आला तेव्हा खरेदीदाराने हात कोपरापर्यंत आत घातला, तळातली मूठ काढली, तळहातावर पसरून फुंकर मारली आणि एक दाणा दाढेखाली धरला. वाळलेला दाणा कडकन फुटतो. हा नुसता दबला.

"मामा, हवा लई हाय," अडत्या म्हणाला. मग मीटर आलं. आकडा होता 18. बोली निघाली 3,700 ची.

दोन ढीग पलीकडे त्याच्याच गावच्या एकाचा माल पडला होता. वाण तोच, पेरणीही त्याच आठवड्यातली. तो 4,300 ला गेला.

"सहाशे रुपये कमी? माझं काय शेणात पिकलं का?" त्याने विचारलं.

"पिकलं सारखंच, मामा. आणलं येगळं," अडत्या म्हणाला.

हे सहाशे रुपये नेमके कशाचे, हे त्या दिवशी त्याला कुणी सुटं करून सांगितलं नाही. ते सुटं करता येतं, आणि करता आलं तर शेतकऱ्याला बाजारात उभं राहताना बळ येतं.

मोबाइलवरचा भाव कोणाचा?

बाजार समिती रोज तीन आकडे जाहीर करते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. गावात फिरतो तो बहुतेक वेळा कमाल. हा त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या ढिगाला मिळालेला भाव असतो. तो एखाद्याच शेतकऱ्याला मिळालेला असू शकतो. आपला माल त्या तोडीचा आहे की नाही हे ठाऊक नसताना त्या आकड्यावर उधारीचा हिशोब बसवला, की सौद्याच्या वेळी आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. घरून निघताना पाहायचा तो सर्वसाधारण भाव, कारण बाजारात आलेला बराचसा माल त्याच्या आसपास जातो.

तोडीचा माल म्हणजे काय, हे दोन वेगवेगळ्या गोष्टींवर ठरतं. पहिली प्रत. त्यात काडीकचरा आणि माती किती, हिरवे व सुरकुतलेले दाणे किती, डागी, फुटके आणि किडके किती हे पाहतात. दुसरी ओलावा, ज्याला बाजारात कुणी हवा म्हणतं, कुणी मॉइश्चर. सरकारी हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, काडीकचरा-मातीची 2 टक्के आणि हिरव्या-अपक्व दाण्यांची 5 टक्के अशी असते. तेल काढणारे कारखाने त्याहून कडक असतात. त्यांच्याकडचा व्यवहार बहुधा 10 टक्के ओलावा धरून चालतो, आणि अडत बाजारातला खरेदीदार बोली लावतो ती माल पुढे कारखान्यात काय म्हणून उतरेल याचा अंदाज बांधूनच.

कारखान्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे. सोयाबीनमधून साधारण 18 टक्क्यांच्या आसपास तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. पाणी विकलं जात नाही. शिवाय ओला दाणा पोत्यात गप्प बसत नाही. तो श्वास घेत राहतो, त्यातून ऊब निर्माण होते, थप्पीच्या मध्यभागी माल गरम होतो, बुरशी धरते, दाणा काळपट पडतो आणि तेलातली आम्लता वाढते. हिरव्या दाण्याचं दुखणं निराळं आहे. त्याचा हिरवा रंग तेलात उतरतो आणि तो काढायला शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. माती थेट पेंडीत जाते आणि पेंडीची प्रत पाडते. म्हणजे भाव पाडण्याला काही खरी कारणं आहेत. प्रश्न फक्त किती पाडला एवढाच उरतो.

सहाशे रुपयांचे तीन तुकडे

आता त्याच्या मालाचा हिशोब मांडू. 18 टक्के ओलावा म्हणजे 100 किलो सोयाबीनमध्ये 18 किलो पाणी आणि 82 किलो खरा दाणा. हेच सोयाबीन 12 टक्क्यांपर्यंत वाळवलं की 82 किलो दाणा तितकाच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या 88 टक्के असतो. 82 ला 0.88 ने भागलं की 93 किलो 200 ग्रॅम येतात. म्हणजे क्विंटलमागे 6 किलो 800 ग्रॅम वजन घटलं. टक्क्यांमधला फरक सहाचा आहे म्हणून सहाच किलो घटेल असं बरेच जण धरतात, आणि तिथेच हिशोब थोडा चुकतो.

याचा अर्थ असा, की वाळलेल्या मालाला 4,300 भाव असेल तर त्याच्या ओल्या क्विंटलात दाणा मिळतो तो सुमारे 4,007 रुपयांचा. सहाशेतले 293 रुपये शुद्ध पाण्याचे झाले. ते खरेदीदाराने खाल्ले असं म्हणता येत नाही. पाणी विकत घ्यायचं त्याने नाकारलं, इतकंच.

त्याच्या ढिगात काडीकचरा आणि माती मिळून 4 टक्के होती. शेजाऱ्याचा माल चाळलेला, जेमतेम 1 टक्क्याचा. तीन टक्क्यांचा हा फरक सोडला की किंमत 3,886 वर येते. दुसरा तुकडा 121 रुपयांचा.

बोली मात्र 3,700 ची होती. उरले 186 रुपये. हा तिसरा तुकडा कशाचा? ओला माल वाळवायची मजुरी, वाळेपर्यंत अडकणारं भांडवल, तोवर गरम होऊन काही माल डागी पडण्याची जोखीम, आणि समोरचा शेतकरी माल परत नेणार नाही ही खात्री. पहिले दोन तुकडे गणिताचे आहेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बोलायचं असतं ते तिसऱ्या तुकड्यावर, आणि तिथे कमीजास्त होऊ शकतं. पण त्यासाठी आपल्या मालाचा ओलावा किती हे आपल्याला आधी माहीत असावं लागतं. "हवा लई हाय" एवढ्या एका वाक्यात तिन्ही तुकडे एकत्र कापले जातात आणि कोणता किती हे कळत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर वाळवण्याबद्दल भलतीच आशा धरली जाते. सहाशे गुणिले बारा म्हणजे 7,200 रुपये बुडाले, असं त्या शेतकऱ्याला वाटलं. प्रत्यक्षात तोच माल त्याने घरीच वाळवून आणि चाळून आणला असता तर 12 क्विंटलचे सुमारे 10 क्विंटल 85 किलो भरले असते. 4,300 ने त्याचे साधारण 46,650 रुपये झाले असते. ओला विकून 44,400 मिळणार होते. खरं नुकसान सुमारे 2,250 रुपयांचं, आणि त्यातूनही वाळवण्याची मजुरी वजा जाते. थोडक्यात, खुल्या बाजारात ओलाव्याने भाव जितका पडल्यासारखा दिसतो तितका तोटा होत नाही, कारण वजन पाण्याचंही भरतं.

जिथे भाव कमी होत नाही, दार बंद होतं

मग वाळवायचं कशासाठी? याचं खरं उत्तर हमीभाव केंद्रावर मिळतं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, बाजारापेक्षा बराच वर. तिथे 18 टक्क्यांचा माल थोड्या कमी भावाने घेतात असं होत नाही. तो परतच जातो. खुल्या बाजारात ओलावा हा उतार आहे, हमीभाव केंद्रावर तो उंबरठा आहे.

त्या वर्षी परतीच्या पावसाने इतक्या जणांचा माल ओला राहिला की ओरड झाली. 15 नोव्हेंबर 2024 ला केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. जास्तीच्या ओलाव्यामुळे होणारा खर्च आणि तूट राज्याने सोसायची, असं त्यात होतं. ही सवलत दरवर्षी मिळेल असं धरून चालता येत नाही, आणि आपला शेतकरी ज्या दिवशी बाजारात उभा होता त्या दिवशी रेघ बाराचीच होती. शिवाय 18 चा माल तर 15 च्याही पलीकडे होता.

त्याने त्या दिवशी मधला मार्ग काढला. दिवाळीची आणि बियाण्याची नड होती, म्हणून 4 क्विंटल 3,700 ने दिले आणि 14,800 रुपये घेतले. उरलेले 8 क्विंटल परत टेम्पोत टाकले. अडत्याने एकदा थांबवून पाहिलं, पण बोली मान्य करणं शेतकऱ्यावर बंधनकारक नसतं. नावनोंदणी त्याने आधीच करून ठेवली होती. ती नसती तर माल वाळवूनही केंद्राचा रस्ता बंदच होता.

ताडपत्रीवरचे तीन दिवस

ओलावा आला कुठून, हे आधी पाहू. त्याने कापलेलं सोयाबीन शेतातच ढीग लावून ठेवलं होतं. मधे दोन सरी आल्या. वरचा थर उन्हाने वाळला, आतला ओलसर राहिला. मळणीयंत्र मिळालं त्या दिवशी सगळं एकत्र मळलं गेलं आणि कोरडा दाणा, ओला दाणा एकाच पोत्यात गेला. अशा मालाचा ओलावा पोत्यापोत्यात बदलतो. वरच्या पोत्यात 14 लागला तरी खालच्यात 20 असू शकतो. म्हणून नमुना एका पोत्यातून घेतला तर तो शेतकऱ्याच्या बाजूनेही खोटा ठरू शकतो आणि विरुद्धही. निदान पाच-सहा पोत्यांत परखी घालून, सगळं मिसळून मग मोजायला सांगणं योग्य.

मीटरच्याही मर्यादा आहेत. बाजारातली बहुतेक यंत्रं दाण्यातून विजेचा प्रवाह कसा वागतो त्यावरून ओलावा ठरवतात. नुकत्याच उन्हातून उचललेल्या गरम दाण्यावर किंवा वरून दव लागलेल्या दाण्यावर त्यांचा आकडा चुकू शकतो. यंत्र सोयाबीनवर लावलेलं असायला हवं. हरभऱ्याच्या खुणेवर ठेवून सोयाबीन मोजलं तर तो आकडा कामाचा नाही. दोनदा मोजून दोन्ही आकडे जवळ येतात का ते पाहावं. फरक मोठा आला तर तिसऱ्यांदा मोजा म्हणायला लाजू नये.

घरी त्याने गच्चीवर आणि अंगणात ताडपत्र्या अंथरल्या आणि सोयाबीन पातळ पसरलं, थर दोन बोटांचा. इथे बहुतेकांची चूक होते. जागा कमी म्हणून थर वीतभर केला जातो, वरचा दाणा तडकतो आणि खालचा घामेजतो. दर दोन तासांनी पायाने नाहीतर फावड्याच्या दांड्याने नांगरल्यासारखं हलवावं लागतं. संध्याकाळी ऊन कललं की दव पडायच्या आत गोळा करून झाकावं लागतं, कारण दिवसभरात गेलेलं पाणी दाणा रात्रीच्या ओल्या हवेतून परत ओढून घेतो. सकाळी दव उडेपर्यंत झाकण काढायचं नाही.

मीटर त्याच्याकडे नव्हतं. शेजारच्या बाईंनी एक जुनी रीत सांगितली. काचेची कोरडी बाटली, त्यात दोन-तीन चमचे कोरडं मीठ आणि मूठभर सोयाबीन. बाटली मिनिटभर हलवून थोडा वेळ ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओलावा 15 च्या वर आहे. सुटं राहिलं तर 15 च्या खाली. ही परीक्षा 13 आणि 11 मधला फरक सांगत नाही, पण माल केंद्रावर नेऊन परत आणायची फेरी मात्र वाचवते. पहिल्या दिवशी मीठ चिकटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटं राहिलं. त्याने तिसरा दिवस वाळवलं आणि गावातल्या शेतकरी गटाच्या मीटरवर पाहिलं : 11.6.

इथे थांबणं महत्त्वाचं होतं. आणखी दोन दिवस वाळवलं असतं तर ओलावा 9 पर्यंत गेला असता. 8 क्विंटलवर 12 आणि 9 मधला फरक सुमारे 24 किलोंचा भरतो. हमीभावाने ते जवळपास 1,200 रुपये झाले, आणि त्याबद्दल कुणी एक रुपया जास्त देत नाही. वर अतिवाळलेला दाणा उचलताना, ओतताना फुटतो, डाळ पडते आणि प्रत घसरते. बाराच्या जरा अलीकडे, अकरा-साडेअकराला थांबणं हाच सगळ्यात फायद्याचा बिंदू.

मग चाळणी. मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर काड्या आणि शेंगांची टरफलं वर राहिली, बारीक चाळणीतून माती आणि फुटके दाणे खाली गेले. काडीकचरा हा प्रतीतला एकमेव दोष असा की तो घरी एका दुपारीत निघतो. हिरवे दाणे चाळणीने निघत नाहीत, त्यांचा निकाल शेतातच लागलेला असतो. शेंगा पिवळ्या पडून पानं गळायच्या आत, मजूर मिळाले म्हणून घाईने कापणी केली की हिरवा दाणा घरी येतोच. फुटक्या दाण्याचा निकाल मळणीयंत्रावर लागतो. बियाण्यासाठी मळणी करताना कृषी विद्यापीठं 13 टक्के ओलाव्याला मिनिटाला 300 ते 400 फेऱ्यांची शिफारस करतात. विक्रीच्या मालासाठी कुणी इतकं मोजत नाही, पण यंत्रवाला तासाचे पैसे वसूल करायला वेग वाढवतो तेव्हा पोत्यात डाळ वाढते, हे उभं राहून पाहता येतं.

पावतीवर काय लिहिलं होतं

केंद्रावर त्याच्या मालात परखी घातली, मीटर लावलं, माल घेतला. 8 क्विंटलचे वाळवून-चाळून 7 क्विंटल 20 किलो भरले. 4,892 ने 35,222 रुपये. हाच माल त्या दिवशी 3,700 ने दिला असता तर 29,600 आले असते. टेम्पोचं जास्तीचं भाडं आणि घरच्या माणसांचे तीन दिवस त्यातून वजा करायला हवेत. पैसे खात्यावर यायलाही वाट पाहावी लागली. ज्याला आठ दिवसांत उधारी फेडायची आहे त्याला ही वाट परवडत नाही, आणि त्याने ओला माल विकला तर त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला नाही. अशा वेळी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना उपयोगी पडू शकते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सोयाबीनवर 6 टक्के व्याजाने आणि 180 दिवसांसाठी. अर्थात गोदामातही ओला माल चालत नाही. वाळवण्याला पर्याय कुठेच नाही.

त्याच्याकडे आता दोन कागद आहेत. पहिल्यावर वजन, भाव आणि रक्कम आहे, ओलाव्याचा आकडा नाही. भाव का पडला, हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही. शेतकऱ्याने वाळवून आणावं, चाळून आणावं, असं सांगणं सोपं आहे आणि ते बरोबरही आहे. पण ज्या आकड्यावर सहाशे रुपये ठरले तो आकडा सौद्याआधी सगळ्यांसमोर मोजला जावा आणि पावतीवर लिहिला जावा, ही मागणीही तितकीच रास्त आहे. तो लिहिला गेला तर पाण्याचे किती, कचऱ्याचे किती आणि घासाघिशीचे किती हे कुणालाही गुणाकार करून काढता येईल. तोवर गावागावातल्या गटाने काही हजारांचं एक मीटर घेऊन ठेवावं आणि टेम्पो भरण्याआधी प्रत्येक ढिगावर लावावं. पुढच्या हंगामात आपला शेतकरी मोबाइलवरचा भाव पाहील तेव्हा त्याच्या हातात दुसरा आकडाही असेल, आणि 3,700 ची बोली आली तर तो विचारेल, "पाण्याचे तीनशे मला मान्य. बाकीचे कशाचे?"